पावसाची मोट: प्रयोगशाळेतल्या नोंदी

८ मे

अकरावीतून बारावीत गेलेली दोन मुलं, साक्षी आणि ओंकार, सुट्टीतही प्रयोगशाळेत यायला तयार आहेत. विषय त्यांनीच निवडला: पृथ्वी तापली की मुसळधार पाऊस वाढतो, तो का? ओंकारकडे उत्तर तयारच होतं. "सर, गरम हवेत जास्त बाष्प मावतं. संपलं."

म्हटलं, आधी मोजू. घरातला स्टीलचा पेला आणला. त्यात पाणी, एक थर्मामीटर आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक करत टाकायचे, ढवळत राहायचं आणि पेल्याच्या बाहेरच्या चकचकीत पत्र्याकडे बघत बसायचं. पत्रा अंधूक झाला की त्या क्षणीचं तापमान म्हणजे दवबिंदू. दुपारी तीनला खोलीत ३८ अंश होते. बर्फ टाकत गेलो, २५ गेले, २० गेले, पेला कोरडाच. साक्षीला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. शेवटी ११ अंशांवर पत्र्यावर धुरकट पट्टा उठला. तिने बोट फिरवलं तर रेघ उमटली.

घामाने अंग निथळतंय आणि हवेत पाणी मात्र इतकं कमी. पुण्याचा मे महिना असाच असतो.

११ मे

आज आकडेमोड. एखाद्या तापमानाला बाष्पाचा दाब जास्तीत जास्त किती असू शकतो, ते काढायचं एक सोपं सूत्र आहे. मुलांनी ते संगणकावर घातलं:

```python
import math

def es(t):
    return 6.112 * math.exp(17.67 * t / (t + 243.5))

for t in (0, 10, 20, 25, 30):
    print(t, round(es(t), 1), round(100 * (es(t+1)/es(t) - 1), 1))
```

पडद्यावर आलं ते असं. पहिला रकाना तापमान, दुसरा हाच जास्तीत जास्त, म्हणजे संपृक्त, दाब हेक्टोपास्कलमध्ये, तिसरा एका अंशाने होणारी वाढ टक्क्यांत:

```
0 6.1 7.5
10 12.3 6.9
20 23.4 6.4
25 31.7 6.1
30 42.5 5.9
```

जिथे तिथे वाचायला मिळणारे 'अंशाला सात टक्के' ते हेच. आपल्याकडे जमिनीलगत ते सहाच्या आसपास भरतात. उंचावर हवा थंड असल्याने तिथे हीच वाढ जास्त असते. हा संबंध आजचा नाही. क्लापेरॉनने १८३४ मध्ये आणि क्लाउझियसने १८५० मध्ये तो मांडला, तेव्हा डोळ्यांसमोर वाफेची इंजिनं होती, पाऊस नव्हता.

'हवेत मावतं' या शब्दावर मात्र मुलांना थोडं थांबवलं. हवा काही स्पंज नाही की तिला भोकं असावीत आणि गरम झाल्यावर ती मोठी व्हावीत. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सुटत असतात आणि वाफेतले काही परतही येत असतात. पाणी तापलं की सुटणारे वाढतात. मग परतणाऱ्यांनी त्यांची बरोबरी करायची, तर वाफेत गर्दीही तितकीच वाढावी लागते. त्या बरोबरीच्या गर्दीला आपण संपृक्त म्हणतो. डब्यात हवा नसली तरी हे असंच घडेल. तरीही बोलताना 'हवेत मावतं' म्हणायला माझी हरकत नाही; सूर्य उगवला असंही आपण म्हणतोच की.

परवाच्या मोजणीवरून काढलं: ३८ अंशांना दाब ६६ पर्यंत जाऊ शकतो, प्रत्यक्षात होता १३. म्हणजे सापेक्ष आर्द्रता जेमतेम २० टक्के. आमची प्रयोगशाळा साधारण २८० घनमीटरची. त्या अख्ख्या खोलीतलं बाष्प गोळा केलं तर पाणी भरेल अडीच लिटर. मावलं असतं तेरा लिटर.

ओंकार गप्प झाला. मावणं वेगळं आणि असणं वेगळं, हे त्याच्या वहीत मी लिहून दिलं नाही. त्यानेच लिहिलं.

२० मे

त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग पृथ्वी तापल्यावर हवा आपल्या मे महिन्यासारखी होईल. गरम आणि कोरडी. पाऊस वाढेल कशाला?"

याचं उत्तर समुद्रात आहे. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याखाली आहे, तिथे हवेला पाणी कमी पडायचं कारण नाही. त्यामुळे समुद्रावरची सापेक्ष आर्द्रता फारशी न बदलता, तापमानाबरोबर प्रत्यक्ष बाष्प त्याच सहा-सात टक्क्यांनी वाढत जातं. आणि आपल्या पावसाची हवा येते ती अरबी समुद्रावरून. पुण्याच्या मे महिन्यातली दुपार हा जमिनीवरच्या हवेचा नमुना झाला, पावसाच्या हवेचा नव्हे. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून जमिनीवर सापेक्ष आर्द्रता घसरू शकते. तेवढ्यापुरती ओंकारची शंका खरी आहे.

९ जून

एका कृषी केंद्राच्या वेधशाळेतल्या जुन्या नोंदवह्यांवरून केलेली यादी मिळाली. रोजचा पाऊस, कमाल-किमान तापमान आणि सकाळ-संध्याकाळचं ओल्या व कोरड्या थर्मामीटरचं वाचन. ओल्या-कोरड्यावरून दवबिंदू काढता येतो. मुलांना आता ठरल्याप्रमाणे पावसाचे दिवस तापमानानुसार गटांत वाटायचे होते आणि प्रत्येक गटातल्या सर्वांत जोरदार पावसाचा आकडा बघायचा होता. सरासरी नाही. गटातले दिवस पावसाच्या क्रमाने लावले की शंभरातले वरचे पाच जिथे सुरू होतात, तो आकडा.

१७ जून

आलेख उलटा आला! तापमान वाढत जातं तसा जोरदार पाऊस घटतो. २३-२४ अंशांच्या दिवसांत मोठा पाऊस, ३० च्या पुढे जवळजवळ काही नाही. ओंकारचा चेहरा उजळला. साक्षी म्हणाली, "सर, प्रोजेक्ट बदलायचा का?"

मीही तासभर डोकं धरून बसलो. मग यादीतल्या तारखांकडे लक्ष गेलं. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. २७ जुलैच्या ओळीत लिहिलेला पाऊस हा २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंत पडलेला असतो, म्हणजे बहुतेक २६ चाच. आम्ही मात्र २७ चा पाऊस २७ च्या तापमानाशी जोडला होता. एका दिवसाची चूक. हे ज्याने कधी पर्जन्यमापक वाचलेला नाही त्याला सुचणारच नाही, आणि मी तर विद्यार्थी असताना वाचायचो. लाज वाटली.

तारखा सरकवल्या. आलेख थोडा सुधारला, पण कल उलटाच.

१९ जून

उलट्या आलेखाचं खरं कारण बाहेरच उभं होतं, दारात. काल संध्याकाळी पाऊस आला, तासाभरात थर्मामीटर ३१ वरून २३ वर उतरला. पाऊस स्वतःच हवा थंड करतो: ढग ऊन अडवतात, पडणारे थेंब वाटेत थोडे वाळतात आणि वाळताना हवेची उष्णता घेतात, शिवाय वरून थंड हवा खाली कोसळते. म्हणजे ज्या दिवशी जोरदार पाऊस, त्या दिवशी तापमान कमी असणारच. आम्ही परिणामालाच कारण समजून आडव्या अक्षावर मांडत होतो. आणि ३० अंशांच्या पुढचे दिवस म्हणजे उघाडीचे किंवा मे महिन्याचे, ज्यांत मुळात पाणीच नाही. ते आठ तारखेच्या पेल्याने सांगितलंच होतं.

मग अक्षावर काय घ्यायचं? पावसाला हवेतलं प्रत्यक्ष बाष्प लागतं, आणि ते सांगतो दवबिंदू. तोही पाऊस सुरू होण्याआधीचा, कारण पाऊस पडताना हवा ओली होते आणि दवबिंदूही त्याच्याशी खेळतो. भारतातल्या शहरांच्या नोंदींवर संशोधकांनी हेच तपासलं आहे: हवेच्या तापमानाशी जोडलं तर जोरदार पाऊस घटताना दिसतो आणि दवबिंदूशी जोडलं तर वाढताना. आमची चूक फार एकट्याची नव्हती, एवढंच समाधान.

२६ जून

दवबिंदूचा आलेख झाला. आदल्या संध्याकाळचा दवबिंदू आडवा, जोरदार पाऊस उभा. रेघ वर चढते. उजव्या टोकाला मात्र वाकून खाली येते. मुलांना ते टोक खोडायचं होतं, मी खोडू दिलं नाही. त्या शेवटच्या गटात मोजून चौदा दिवस आहेत. चौदा दिवसांतले 'वरचे पाच टक्के' म्हणजे एक दिवससुद्धा धड नाही. टोकाचा आकडा काढायचा तर गटात निदान शे-दीडशे दिवस हवेत. म्हणून चढाचा आकडा मी वहीत लिहिलेला नाही, नुसती रेघ ठेवली आहे आणि प्रत्येक गटाखाली दिवसांची संख्या.

शिवाय हा आलेख फक्त एवढंच सांगतो की ओलसर दिवसांत पाऊस जास्त जोराचा पडतो. शंभर वर्षांनी काय होईल ते तो सांगत नाही. आजचा ओला दिवस आणि उद्याचं तापलेलं जग यांत वारे, ढगांची उंची, वरच्या हवेचं तापमान अशा कितीतरी गोष्टी वेगळ्या असणार.

आज पेला पुन्हा काढला. खोलीत २७ अंश. बर्फाचा तिसराच तुकडा टाकला आणि २३ ला पेला घामेजला. खोलीतलं पाणी आता साधारण पावणेसहा लिटर. मे महिन्यापेक्षा अकरा अंश थंड हवा आणि पाणी दुपटीहून जास्त.

३ जुलै

साक्षीने आज असा प्रश्न विचारला की मला दोन दिवस मागून घ्यावे लागले. अंशाला बाष्प सात टक्के वाढतं. मग सगळाच पाऊस सात टक्के वाढायला हवा. पण तिने वाचलं होतं की जगाचा सरासरी पाऊस अंशाला एक ते तीन टक्केच वाढेल, आणि अतिवृष्टी मात्र सातच्या आसपास. उरलेलं कुठे गेलं?

५ जुलै

फळ्यावर मांडलं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २५ लाख ज्यूल लागतात. ढगात तीच वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा ते २५ लाख ज्यूल हवेत सुटतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे दर मिलिमीटरमागे वरच्या हवेत तेवढी उष्णता. ती हवा कायम तापत राहत नाही, कारण ती ही उष्णता प्रारणाने अवकाशात सोडून देते. हे सोडून देण्याचं काम तापमानाबरोबर वाढतं, पण हळू. जितकी उष्णता बाहेर जाऊ शकते तितकाच पाऊस सबंध पृथ्वीवर मिळून पडू शकतो. बाष्प कितीही असो, सरासरी पावसाला हा लगाम आहे.

एका सरीला असा लगाम नाही. ती दोन-चार तासांत आपली उष्णता हवेत ओतते आणि निघून जाते, हिशोब नंतर हजारो किलोमीटरांवर पुरा होतो. त्या दोन-चार तासांत किती पडेल हे ठरतं वर चढणाऱ्या हवेत बाष्प किती आहे आणि ती किती वेगाने चढते आहे यावर.

मुलांना ज्यूल पटले, पण चेहरे कोरे होते. प्रयोगशाळेचे शिंदेमामा परीक्षानळ्या पुसत ऐकत होते. म्हणाले, "सर, म्हणजे मोट मोठी केली, पण बैल तेच." मामांच्या वडिलांची फलटणकडे विहीर होती, बैलांनी विहिरीचं पाणी उपसणारी मोट लहानपणी त्यांनी चालताना पाहिली आहे. "मोट दीडपट केली की बैलांना ओढ बसायची. खेपा कमी व्हायच्या. दिवसाचं पाणी फार वाढायचं नाही, पण मोट रिती होते त्या थारोळ्यात एका वेळी जे पडायचं ना, पाट फुटायचा."

मी खडू खाली ठेवला. बैल म्हणजे अवकाशात जाणारी उष्णता, मोट म्हणजे बाष्प. दिवसाचं पाणी म्हणजे सरासरी पाऊस. खेपा कमी, म्हणजे रिमझिम आणि मध्यम पावसाचे दिवस कमी. पाट फुटणं कुणाला समजावून सांगायला नको.

"मामा, तुम्ही फळ्यावर या," असं साक्षी म्हणाली तर ते नळ्या घेऊन आत गेले.

११ जुलै

मोटेचं चित्र आपल्याकडच्या नोंदींत दिसतं का? हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला १०० मिलिमीटरच्या वरचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले आणि हंगामाच्या सरासरीत ठळक बदल दिसला नाही. सरासरी बघणाऱ्याला काहीच घडलं नाही असं वाटलं असतं. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्याच उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि इतरांनी दाखवलं की मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढले, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाऱ्यांतले चढउतार आहेत.

तिप्पट म्हटल्यावर ओंकारने लगेच हात वर केला. सात टक्के कुठे आणि तिप्पट कुठे? दोन वेगळी मापं आहेत. सात टक्के हे एका सरीच्या जोराचं. तिप्पट हे एक उंबरठा ओलांडणाऱ्या प्रसंगांच्या संख्येचं. ९५ मिलिमीटरच्या सरी सात टक्क्यांनी वाढल्या की त्या सगळ्या शंभरीच्या पलीकडे उडी मारतात; उंबरठ्याच्या अलीकडे जितकी गर्दी, तितकी संख्या झपाट्याने वाढते. तिपटीचा सगळा हिशोब मात्र एवढ्याने लागत नाही, तिथे वाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

२६ जुलै

आज तारखेला साजेसं काम काढलं. २००५ चा हाच दिवस. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. आणि त्याच मुंबईत वीसेक किलोमीटरवर कुलाब्याला जेमतेम ७३.

मुलांना विचारलं, सांताक्रूझच्या डोक्यावरच्या हवेत, जमिनीपासून अगदी वरपर्यंत, एकूण किती पाणी असेल? अंदाज आले पाचशे, हजार. खरं उत्तर, पावसाळ्यातल्या दमट कोकणात साठ मिलिमीटरच्या आसपास. सगळीच्या सगळी वाफ पिळून काढली तरी साठ. मग ९४४ आले कुठून?

भागाकार केला: जवळपास सोळा. म्हणजे त्या पट्ट्यावर जेवढं आकाश आहे तशी सोळा आकाशं पिळावी लागली. ती बाजूने, समुद्रावरून, खालच्या थरातल्या वाऱ्याने ओढून आणली. ढगात वाफेचं पाणी होताना सुटलेल्या उष्णतेने हवा हलकी होऊन वर गेली, तिची जागा घ्यायला बाजूची ओली हवा आत आली, तिनेही तेच केलं. ढग एका जागी अडून राहिला म्हणून हे तासन्‌तास चाललं. कुलाब्याला हे चक्र नव्हतं, आकाश तेच होतं.

आता हीच घटना एक अंश जास्त तापलेल्या जगात, वारे अगदी तसेच धरून. साठऐवजी डोक्यावर चौसष्ट. सोळा आकाशांचे ९४४ ऐवजी साधारण १,०१०. जास्तीचे ६६ मिलिमीटर म्हणजे, हवामान खात्याच्या वर्गवारीत जिथून 'जोरदार पाऊस' सुरू होतो त्या ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त. आधीच बुडालेल्या शहरावर आणखी एक जोरदार पावसाचा दिवस.

पण वारे तसेच राहतील असं कुणी सांगितलं? जास्त वाफ म्हणजे जास्त उष्णता सुटणार, हवा आणखी जोराने चढणार, आणखी बाष्प ओढणार. म्हणून तासाभराच्या पावसात वाढ सात टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते. नेदरलँड्समधल्या द बिल्टच्या नोंदींत ती अंशाला चौदाच्या आसपास सापडली, तीही बारा अंशांच्या वरच्या दिवसांत. उलट, वरची हवा खालच्यापेक्षा जास्त तापली तर चढणं अवघड होतं आणि वाढ सातच्या खालीही येते. सात टक्के हा पाया आहे. त्यावर वारे काय बांधतील ते ठिकाणागणिक बदलतं. २००५ चा तो पाऊस तापमानवाढीमुळेच पडला असं आमचा भागाकार म्हणत नाही. ढग त्या दिवशी तिथे का अडला, याला त्यात जागाच नाही.

२ ऑगस्ट

तक्ता तयार झाला. डावीकडे उलटा आलेख, उजवीकडे दवबिंदूचा. उलटा आलेख काढून टाकावा असं एका सहकाऱ्यांनी सुचवलं, बघणाऱ्यांचा गोंधळ होईल म्हणून. साक्षीने तो ठेवला आणि खाली लिहिलं: 'आम्ही आधी हे केलं. चूक शोधा.' मधोमध शिंदेमामांची मोट आहे, ओंकारने काढलेली. बैल जरा शेळ्यांसारखे झालेत. मामांनी बघितलं आणि नाडा चुकीच्या चाकावरून घेतला आहे एवढंच म्हणाले. थारोळ्याकडच्या बाजूला खाली एक आडवा रूळ असतो, मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर, म्हणजे सोल, त्यावरून येतो, तो राहिलाच आहे. उद्या बदलणार.

पेला घरी मागितलाय. चहाला कमी पडतोय म्हणे.